रक्तातलं औषध शिगेला कधी पोहोचतं? डेरिव्हेटिव्हने ती वेळ काढण्याची रीत

गोळी गिळली की तिचं औषध लगेच रक्तात येत नाही. आधी गोळी विरघळते, मग आतड्यातून थोडं थोडं औषध रक्तात उतरतं. पण पहिला कण रक्तात पोहोचताच यकृत आणि मूत्रपिंड त्याला बाहेर काढायला लागतात. भरणं आणि उपसणं एकाच वेळी चालू असतं. सुरुवातीला भरण्याचा जोर जास्त असतो म्हणून पातळी चढते, नंतर उपशाचा जोर जास्त होतो म्हणून ती उतरते. मधल्या एका क्षणी दोन्ही सारखे होतात, आणि तोच शिखराचा क्षण.

डेरिव्हेटिव्ह शून्य करून उत्तर काढणं बारावीच्या मुलांनाही येतं. पण ते शून्य म्हणजे इथे नेमकं काय, आणि खऱ्या रुग्णाच्या आकड्यांवर ही रीत लावली की काय होतं, हे फार कमी ठिकाणी नीट सांगितलेलं दिसतं. म्हणून इथे एका खऱ्या माणसाचे आकडे घेऊन शेवटपर्यंत जाऊ.

कुठले आकडे घेतले आहेत

औषध आहे थिओफायलिन, दम्यावरचं जुनं औषध. त्याची उपयोगी पातळी आणि त्रासदायक पातळी यांच्यात अंतर कमी असतं. पारंपरिक मर्यादा लिटरमागे 10 ते 20 मिलिग्रॅम अशी मानली जात आली आहे, त्यामुळे शिखर कुठे आणि किती उंच हा प्रश्न इथे महत्त्वाचा ठरतो. संख्याशास्त्राच्या `R` या मोफत प्रणालीत `Theoph` नावाचा तक्ता तयारच मिळतो. बारा जणांना हे औषध तोंडाने दिलं आणि साधारण 25 तासांत प्रत्येकाची रक्तपातळी अकरा वेळा मोजली, त्या नोंदी त्यात आहेत. त्यातला पहिला माणूस आपण घेऊ. वजन 79.6 किलो, डोस किलोमागे 4.02 मिलिग्रॅम, म्हणजे एकूण 320 मिलिग्रॅम.

त्याच्या नोंदी अशा आहेत. डावीकडे तास, उजवीकडे लिटरमागे मिलिग्रॅम.

```
 0.00    0.74
 0.25    2.84
 0.57    6.57
 1.12   10.50
 2.02    9.66
 3.82    8.58
 5.10    8.36
 7.03    7.47
 9.05    6.89
12.12    5.94
24.37    3.28
```

तक्ता पाहताच वाटतं की यात काढायचं काय आहे, सर्वात मोठा आकडा 10.50, तो 1.12 तासाला आला, म्हणजे शिखर एक तास सात मिनिटांनी. हे उत्तर बाजूला लिहून ठेवा. शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

पहिली पायरी: समीकरण मांडणं

दोन टाक्या डोळ्यांसमोर आणा. पहिली आतड्याची, दुसरी रक्ताची. पहिल्या टाकीत जितकं औषध शिल्लक असेल त्याच्या प्रमाणात ते दर तासाला रक्तात उतरतं. हा शोषणाचा दर `ka`. दुसऱ्या टाकीत जितकं असेल त्याच्या प्रमाणात ते शरीराबाहेर जातं. हा उत्सर्जनाचा दर `ke`. दोघांचं एकक ‘दर तासाला’ असं आहे. डोस `D` आणि औषध जणू जितक्या लिटरमध्ये पसरलं आहे ते आकारमान `V`. गोळीतलं सगळं औषध रक्तात पोहोचतं असं धरू. साध्या थिओफायलिनच्या बाबतीत ते जवळपास खरंही आहे.

आतड्यात `t` तासांनी उरलेलं औषध `D·e^(−ka·t)` असतं. मग रक्तातली पातळी `C` किती वेगाने बदलते?

`dC/dt = (ka·D/V)·e^(−ka·t) − ke·C`

पहिलं पद भरण्याचं, दुसरं उपशाचं. ही ओळ नीट वाचली तर निम्मं काम झालं, कारण डेरिव्हेटिव्ह आपल्याला आधीच हातात मिळालेलं आहे. ते सोडवल्यावर पातळीचं सूत्र मिळतं:

`C(t) = (D/V) · ka/(ka − ke) · [ e^(−ke·t) − e^(−ka·t) ]`

याला बेटमन फल म्हणतात. हॅरी बेटमन यांनी 1910 मध्ये किरणोत्सर्गी पदार्थांच्या साखळीसाठी अशी समीकरणं सोडवली होती. एक मूलद्रव्य क्षय पावून दुसरं बनतं आणि ते दुसरंही क्षय पावतं, त्याचं गणित आणि गोळीचं गणित एकच निघालं.

सूत्र बरोबर आहे का, हे डोळ्यांनीच तपासता येतं. `t = 0` ठेवला की कंसात 1 − 1, म्हणजे पातळी शून्य. खूप वेळ गेला की दोन्ही घातांकी पदं विरतात, पातळी पुन्हा शून्य. मधे ती धन आहे, तेव्हा कुठेतरी शिखर असणारच. (आपल्या माणसाची पातळी मात्र सुरुवातीलाच 0.74 आहे. खऱ्या नोंदी सूत्राला विचारून येत नाहीत. इतका फरक आपण चालवून घेणार आहोत.)

दुसरी पायरी: डेरिव्हेटिव्ह शून्य करणं

कंसाबाहेरचा सगळा गठ्ठा `A` म्हणू. त्यात वेळ नाही, म्हणून तो जसाच्या तसा राहतो.

`dC/dt = A·[ −ke·e^(−ke·t) + ka·e^(−ka·t) ]`

शिखरावर हे शून्य, आणि `A` शून्य नाही, म्हणून

`ka·e^(−ka·t) = ke·e^(−ke·t)`

इथे क्षणभर थांबा. `A` निघून गेला, आणि त्याच्याबरोबर डोस आणि आकारमान दोन्ही गेले. म्हणजे डोस दुप्पट केला तर शिखर दुप्पट उंच होईल, पण येईल त्याच वेळी. दोन गोळ्या घेतल्या म्हणून औषध ‘लवकर चढत’ नाही. ठरावीक पातळी लवकर ओलांडली जाते हे खरं, पण शिखराची वेळ हलत नाही.

आता दोन्ही घातांक एका बाजूला आणायचे:

`ka/ke = e^((ka − ke)·t)`

दोन्ही बाजूंचा नैसर्गिक लॉग घेतला की

`tmax = ln(ka/ke) / (ka − ke)`

हे शिखरच आहे, खळगा नाही, हे दाखवायला दुसरं डेरिव्हेटिव्ह घ्यायची पद्धत आहे. इथे त्याची गरज नाही. `t = 0` ला चढ `ka·D/V` इतका, म्हणजे धन आहे, शेवटी पातळी शून्याकडे उतरते, आणि मधे डेरिव्हेटिव्ह एकदाच शून्य होतं. त्यामुळे शिखराशिवाय दुसरं काही असूच शकत नाही. दुसऱ्या डेरिव्हेटिव्हचा खरा उपयोग पुढच्या पायरीत आहे.

तिसरी पायरी: शेपटीतून `ke`, डोक्यातून `ka`

सूत्र मिळालं, पण `ka` आणि `ke` कोणी आणून देत नाही. ते नोंदींतून काढावे लागतात.

बराच वेळ गेल्यावर आतडं रिकामं होतं आणि फक्त उपसा उरतो. तेव्हा पातळीचा लॉग सरळ रेषेत उतरतो आणि त्या रेषेचा उतार म्हणजे `ke`. ‘बराच वेळ’ म्हणजे किती? दुसरं डेरिव्हेटिव्ह शून्य केलं तर वेळ येते `2·ln(ka/ke)/(ka − ke)`, म्हणजे शिखराच्या वेळेच्या बरोबर दुप्पट. त्या क्षणी पातळी सर्वात वेगाने घसरत असते, आणि तिथून पुढे उतार हळूहळू सौम्य होत जातो. म्हणून माझा नियम साधा आहे: `ke` साठी घ्यायच्या नोंदी शिखराच्या दुप्पट वेळेच्या बऱ्याच पुढच्या हव्यात. त्याआधीच्या नोंदी घेतल्या तर अजून होत असलेलं शोषण उतार सौम्य दाखवतं आणि `ke` खरा असतो त्याहून कमी निघतो.

शेवटच्या तीन नोंदींतली पहिली आणि अखेरची घेऊ:

`ke = ln(6.89/3.28) / (24.37 − 9.05) = 0.742/15.32 ≈ 0.0485`

मधली 12.12 तासांची नोंद घेऊन पाहिलं तरीही 0.0485 च येतो, म्हणजे शेपटी खरोखर सरळ आहे.

आता ही रेषा मागे शून्य तासापर्यंत ओढा. ती 10.7 वर पोहोचते. शोषण क्षणात झालं असतं तर पातळी या रेषेवर राहिली असती. प्रत्यक्षात सुरुवातीच्या नोंदी तिच्याखाली आहेत, आणि जितक्या खाली आहेत तितकं शोषण बाकी आहे. पाव तासाला रेषा 10.57 वर आणि नोंद 2.84, म्हणजे फरक 7.73. 0.57 तासाला रेषा 10.40 वर, नोंद 6.57, फरक 3.83. हा फरक ज्या वेगाने कमी होतो तो वेग म्हणजे `ka`:

`ka = ln(7.73/3.83) / (0.57 − 0.25) = 0.702/0.32 ≈ 2.19`

सूत्रात घातले:

`tmax = ln(2.19/0.0485) / (2.19 − 0.0485) = 3.81/2.14 ≈ 1.78 तास`

एक तास 47 मिनिटं. तक्त्यातल्या मोठ्या आकड्याने तर एक तास सात मिनिटं सांगितलं होतं.

या हातच्या पद्धतीचं दुखणं लगेच दिसेल. पुढची नोंद 1.12 तासाची. तिथे रेषा 10.13 वर आहे आणि नोंद 10.50, फरक ऋण. ऋण संख्येचा लॉग निघत नाही, त्यामुळे ही नोंद वापरताच येत नाही आणि `ka` फक्त दोन ठिपक्यांवर तोललेला राहतो. यातला एक ठिपका जरासा इकडेतिकडे झाला तरी उत्तर बरंच हलेल.

म्हणून सगळ्या अकरा नोंदींवर एकदम वक्र बसवणं बरं. `R` मध्ये त्याला चार ओळी लागतात:

```
d <- subset(Theoph, Subject == 1)
m <- nls(conc ~ SSfol(Dose, Time, lKe, lKa, lCl), data = d)
k <- exp(coef(m))
log(k["lKa"]/k["lKe"]) / (k["lKa"] - k["lKe"])
```

`SSfol` दरांचे लॉग परत देतो, म्हणून तिसऱ्या ओळीत `exp` आहे. ती ओळ विसरलात तर `ke` ऋण दिसेल आणि भाग करताना लॉग निघणार नाही, त्यामुळे चूक लपत नाही. त्यातून `ka ≈ 1.78`, `ke ≈ 0.054` आणि `D/V ≈ 10.88` मिळतात. म्हणजे आकारमान साधारण 29.4 लिटर. आता

`tmax = ln(1.78/0.054) / (1.78 − 0.054) = 3.495/1.726 ≈ 2.03 तास`

दोन तास आणि दीड-दोन मिनिटं.

चौथी पायरी: उत्तर परत समीकरणात घालणं

ही पायरी बहुतेक जण गाळतात. तिला अर्धा मिनिट लागतं आणि ती फार चुका पकडते.

2.03 तासाला `ke·e^(−ke·t)` येतं 0.0484 आणि `ka·e^(−ka·t)` सुद्धा 0.048. जुळलं. आता समजा कॅलक्युलेटरवर `ln` ऐवजी `log` दाबलं गेलं. विद्यार्थ्यांच्या वह्यांत मी हीच चूक सगळ्यात जास्त वेळा लाल केली आहे. 1.518 भागिले 1.726, उत्तर 0.88 तास. दिसायला अगदी शहाणं उत्तर, कुठे संशय येत नाही. पण ते परत घातलं तर एकीकडे 0.0515 आणि दुसरीकडे 0.372 येतात. दुसरी बाजू पहिलीच्या सातपट आहे, म्हणजे पातळी अजून जोरात चढते आहे आणि हे शिखर असू शकत नाही.

मिनिटं आणि तास मिसळले तरी हीच तपासणी उपयोगी पडते, फक्त वेळ आणि दर एकाच एककात घ्यायला हवेत. एक दर मिनिटाला आणि दुसरा तासाला दिलेला असेल तर आधी दोन्ही तासाला करून घ्या.

पाचवी पायरी: त्या क्षणी शरीरात काय चाललं आहे

शिखराला आतड्यात उरलेला वाटा `e^(−1.78×2.025)`, म्हणजे 0.027. 320 मिलिग्रॅमपैकी फक्त 8.7 मिलिग्रॅम. शरीरात त्या वेळी पातळी 9.75, गुणिले 29.4 लिटर, म्हणजे जवळपास 287 मिलिग्रॅम. उरलेलं साधारण 24 मिलिग्रॅम बाहेर गेलेलं आहे.

आता दोन गुणाकार करा. आतड्यातून उतरणारं औषध 1.78 × 8.7, तासाला सुमारे 15.5 मिलिग्रॅम. शरीरातून जाणारं 0.054 × 287, तेही सुमारे 15.5. डेरिव्हेटिव्ह शून्य म्हणजे हे दोन आकडे सारखे होणं.

‘शिखर म्हणजे शोषण संपलं’ असं बरेचदा लिहिलेलं आढळतं. या माणसात ते जवळपास खरं वाटेल, कारण 97 टक्के औषध उतरलेलं आहे. पण कारण वेगळं आहे. उत्सर्जन इतकं मंद आहे की 8.7 मिलिग्रॅमचा बारीकसा झरासुद्धा त्याच्याशी बरोबरी करतो. उत्सर्जन जोरदार असतं तर आतड्यात बरंच औषध शिल्लक असतानाच शिखर येऊन गेलं असतं.

यावरून एक उलटी वाटणारी गोष्ट समजते. धूम्रपान करणाऱ्यांच्या शरीरातून थिओफायलिन जास्त वेगाने बाहेर पडतं. समजा `ke` दुप्पट, म्हणजे 0.108 झाला. मनाला वाटतं की उपसा वाढला तर पातळी चढायला वेळ लागेल. पण गणित सांगतं:

`tmax = ln(1.78/0.108) / (1.78 − 0.108) = 2.80/1.672 ≈ 1.68 तास`

शिखर लवकर आलं, आणि ते 9.08 वर आलं, म्हणजे बुटकंही झालं. मोठा उपसा भरण्याला लवकर गाठतो, इतकीच ही गोष्ट आहे.

उलट `ke` जुनाच ठेवून शोषण अर्ध्यावर आणलं, `ka` 0.89 केला, तर शिखर 3.35 तासांवर जातं. उंची? तीही 9.08. हा योगायोग नाही. शिखराची पातळी `(D/V)·e^(−ke·tmax)` असते, आणि `tmax` घालून पाहिलं तर तिच्यात `ka` आणि `ke` यांचं फक्त गुणोत्तर उरतं. दोन्ही बदलांत गुणोत्तर 33 वरून 16.5 झालं, म्हणून उंची सारखी आणि वेळा वेगवेगळ्या. उंची गुणोत्तर ठरवतं, वेळ ठरवायला दर प्रत्यक्ष किती आहेत तेही लागतं.

मग 1.12 तासाच्या नोंदीचं काय?

बाजूला ठेवलेलं उत्तर आता काढू. तीन उत्तरं झाली: डोळ्यांनी 1.12, हाताने 1.78, वक्र बसवून 2.03. ही इतकी विखुरली का?

बसवलेल्या वक्राची किंमत शिखराच्या आसपास पाहू. दीड तासाला 9.57, दोन तासाला 9.75, अडीच तासाला 9.67, तीन तासाला 9.49. दीडपासून पावणेतीन तासांपर्यंत पातळी शिखराच्या दोन टक्क्यांच्या आतच आहे. डेरिव्हेटिव्ह शून्य म्हणजे वक्र तिथे सपाट, आणि सपाट जागी सर्वात उंच ठिपका नेमका कुठे हे पातळी मोजून सांगणं कठीण. मोजणीत दोन-तीन टक्के चूक झाली तरी सर्वात मोठा आकडा सव्वा तासाच्या पट्ट्यात कुठेही उमटू शकतो. त्यातही इथे 1.12 नंतरची नोंद थेट 2.02 ची आहे. मधल्या चोपन्न मिनिटांत रक्तच घेतलं नाही, मग तिथे काय झालं हे तक्ता सांगणार कसा?

वक्र 1.12 तासाला 9.03 सांगतो आणि नोंद 10.50 आहे. हा फरक दोन टक्क्यांचा नाही, सोळा टक्क्यांचा आहे, आणि तो मोजणीच्या चुकीवर ढकलून मोकळं होणं मला पटत नाही. आपण रक्त आणि सगळं शरीर ही एकच टाकी मानली. औषध आधी रक्तात आणि मग सावकाश ऊतींत पसरत असेल, तर सुरुवातीला रक्तात एक टोकदार उंचवटा येतो आणि एका टाकीचं समीकरण तो दाखवू शकत नाही. डिजॉक्सिन या हृदयाच्या औषधात हे फार ठळक असतं. म्हणूनच त्याची पातळी डोसनंतर निदान सहा तास थांबून मोजतात. आपल्या माणसात असंच झालं असेल का, हे एका ठिपक्यावरून ठरत नाही. ते ठरवायचं तर 45 मिनिटं, दीड तास आणि पावणेदोन तास अशा मधल्या नोंदी हव्या होत्या.

यातून कामाचं इतकंच घ्यायचं. वेळेविषयीची माहिती शिखरावर नसते, ती दोन्ही बाजूंच्या उतारांवर असते. चढ `ka` सांगतो, शेपटी `ke` सांगते, आणि डेरिव्हेटिव्हचं सूत्र त्यांतून शिखर काढतं. म्हणून रक्त केव्हा घ्यायचं हे ठरवताना सगळे नमुने शिखराभोवती गर्दीने घेऊ नका. पहिल्या तासात तीन-चार आणि शेपटीत तीन तरी ठेवा.

सूत्र कुठे फसतं

`ka` आणि `ke` सारखे असले तर सूत्रात शून्य भागिले शून्य येतं. शिखर मात्र कुठे नाहीसं होत नाही. तेव्हा पातळी `(D/V)·k·t·e^(−k·t)` अशी असते आणि डेरिव्हेटिव्ह शून्य केलं की `tmax = 1/k` मिळतो. दोन्ही दर अगदी जवळजवळ असतील तेव्हाही हेच वापरा, कारण छोट्या वजाबाकीने भागताना कॅलक्युलेटर शेवटचे अंक गमावतो.

दुसरी फसगत जास्त धोक्याची आहे. सूत्रात `ka` आणि `ke` यांची अदलाबदल करून पाहा, उत्तर तेच येतं. म्हणजे शिखराच्या वेळेवरून कुठला दर शोषणाचा आणि कुठला उत्सर्जनाचा हे कळत नाही. सावकाश सुटणाऱ्या गोळीत शोषण उत्सर्जनाहून मंद असू शकतं. मग शेपटीचा उतार `ke` नसून `ka` असतो, आणि आपण त्यालाच उत्सर्जन समजून बसतो. याला फ्लिप-फ्लॉप म्हणतात. नुसत्या तोंडी डोसच्या नोंदींतून ते ओळखता येत नाही. तेच औषध शिरेतून दिल्याच्या नोंदी असतील तर त्यांच्या शेपटीशी ताडून पाहायचं. शिरेतून दिलेलं औषध झपाट्याने उतरत असेल आणि गोळीची शेपटी लांब रेंगाळत असेल, तर अदलाबदल झालेली आहे.

फेनिटॉइनसारख्या औषधात यकृताची क्षमता भरून जाते आणि `ke` स्थिर राहतच नाही. तिथे हे सूत्र सरळ बाजूला ठेवायचं. भरणं बरोबर उपसा ही अट तिथेही लागू असते, पण वेळ डोसवर अवलंबून राहते आणि ती संगणकाने पावलापावलाने सोडवावी लागते.

गोळी विरघळायला वेळ लागत असेल तर तो उशीर उत्तरात मिळवायचा: `tmax = उशीर + ln(ka/ke)/(ka − ke)`. आपल्या हातच्या मोजणीत याची चाहूल लागली होती. फरकांची रेषा शून्य तासाला ओढली तर ती 10.7 वर यायला हवी होती, ती 13.4 वर गेली. दोन्ही रेषा सुमारे सहा मिनिटांवर एकमेकींना छेदतात, आणि ती सहा मिनिटं म्हणजे उशीर.

रोज घेतल्यावर शिखर सरकतं

आतापर्यंत एकच डोस होता. हाच 320 मिलिग्रॅमचा डोस दर 12 तासांनी घेत राहिलं आणि पातळीचा फेरा स्थिर झाला, तर प्रत्येक डोसच्या वेळी रक्तात आधीचं औषध शिल्लक असतं. मागच्या सगळ्या डोसांची बेरीज केली की उत्सर्जनाच्या पदाखाली `1 − e^(−ke·12)` येतं, आणि त्याची किंमत 0.477. शोषणाच्या पदाखालीही तसंच पद येतं, पण 12 तासांत आतडं पुरतं रिकामं होत असल्याने ते जवळपास 1 असतं. पुन्हा डेरिव्हेटिव्ह शून्य करायचं:

`tmax = ln(0.477 × ka/ke) / (ka − ke) = 2.755/1.726 ≈ 1.60 तास`

शिखर दोन तासांवरून एक तास 36 मिनिटांवर आलं. शोषण तेच, उत्सर्जनाचा दर तोच. फक्त रक्तात साठा जास्त असल्याने दर तासाला उपसलं जाणारं औषध वाढलं, आणि त्याने भरण्याला लवकर गाठलं.

या वेळची उंची `(D/V)·e^(−ke·tmax)/0.477` अशी येते. 10.88 × 0.917 / 0.477, म्हणजे 20.9. पहिल्या डोसच्या दिवशी शिखर 9.75 होतं, 10 च्या जरा खालीच. त्याच माणसात, त्याच गोळीने, काही दिवसांनी ते 20 च्या वर गेलेलं असेल. स्थिर झाल्यावर शिखराचा नमुना घ्यायचा असेल तर तो डोसनंतर दीड ते दोन तासांत घ्यावा. दोन तासांनी घेतला तरी आकडा 20.8 येईल, तेव्हा तिथे दहा-वीस मिनिटांनी फारसं बिघडत नाही.